‘खर्च मंजूर झाली’ असं आपण का लिहितो?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या बोर्डावर परवा नोटीस लागली: ‘टाकीच्या दुरुस्तीचा खर्च, ज्यात नवीन पाइप, दोन व्हॉल्व्ह आणि प्लंबरची मजुरी धरली आहे, मंजूर झाली आहे.’ कमिटीतल्या तिघांनी ती सही करण्याआधी वाचली होती, मीही दोनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की मंजूर ‘खर्च’ झालाय, म्हणजे ‘झाला’ हवं.

मधला भाग बोटाने झाकून बघा. ‘टाकीच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाली आहे.’ लगेच खटकतं ना? म्हणजे व्याकरण येत नाही असं अजिबात नाही. क्रियापदाशी पोचल्यावर मेंदू मागे वळून बघतो की याचा कर्ता कोण, आणि तिथे दूरच्या ‘खर्च’पेक्षा आत्ताच ऐकलेली ‘मजुरी’ हाताला लागते. भाषा-मानसशास्त्रात याला ॲट्रॅक्शन म्हणतात.

१९९१ मध्ये कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी इंग्रजीत हे प्रयोगाने दाखवलं. लोकांना वाक्याची सुरुवात द्यायची, ती त्यांनी बोलून पूर्ण करायची. ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशी एकवचनी कर्ता आणि मध्ये अनेकवचनी नाम असलेली सुरुवात मिळाली की चुका वाढायच्या, उलट जोडीत मात्र फारशा नाही. म्हणजे नुसतं अंतर दोषी नाही, मध्ये कोण बसलंय तेही महत्त्वाचं.

आता मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट. हेच मराठीत म्हणा: ‘कपाटांची चावी हरवली.’ आपल्याकडे ‘कपाटांची’ आधी येतं आणि ‘चावी’ क्रियापदाला खेटून बसते, शिवाय ‘कपाटांची’ला प्रत्यय लागलाय, आणि प्रत्यय लागलेलं नाम क्रियापदाचं लिंग-वचन ठरवत नाही. म्हणूनच नोटिशीतली ‘दुरुस्ती’ स्त्रीलिंगी असूनही तिचा एवढा धोका नाही, ती ‘दुरुस्तीचा’ होऊन आलीये. धोका ‘जो-जी-ज्यात’वालं वाक्य नामानंतर मध्येच घुसवलं की येतो, कारण त्याच्या आत ‘मजुरी’सारखी बिनप्रत्ययाची नामं मोकळी फिरतात, आणि इथे तर ‘मजुरी धरली’ हे बरोबरच आहे, त्या ‘धरली’च्या ओघात पुढचं ‘झाली’ सहज निघतं.

तपासताना चूक सुटते त्याचंही कारण हेच. मॅथ्यू वेजर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इंग्रजी वाचकांवर दाखवलं की मधलं नाम चुकीच्या क्रियापदाशी जुळलं तर चूक कमी जाणवते. बरोबर वाक्य मात्र त्याच्यामुळे चुकीचं वाटत नाही.

मराठीत यावर उपाय घरचाच आहे, ‘ज्यात’ची जोडी पूर्ण करायची: ‘...प्लंबरची मजुरी धरली आहे, तो मंजूर झाला आहे.’ ‘तो’ लिहिताना कर्ता पुन्हा आठवावाच लागतो, आणि ‘तो मंजूर झाली’ असं लिहायला हात धजत नाही. नोटिशीत आता पेनाने ‘तो’ घातलाय.