व्हीआरएसची रक्कम आणि बारा टक्क्यांची एफडी

ठाण्यात मुदत ठेवीवरचा विश्वास कारखान्यांच्या काळापासूनचा आहे. 1962 मध्ये एमआयडीसीने वागळे इस्टेट उभारली, मग ठाणे-बेलापूर पट्टा भरला आणि या पगारांवर नौपाड्यापासून कळव्यापर्यंत हजारो घरं उभी राहिली. नव्वदच्या दशकात कारखाने एकेक करून बंद होऊ लागले, तेव्हा कामगारांच्या हाती व्हीआरएसची एकरकमी रक्कम आली. ती बहुतेकांनी बँकेत एफडी म्हणून ठेवली. त्यात काही चूक नव्हतं. दर बारा टक्क्यांच्या आसपास होते, व्याज दर तिमाहीला खात्यात पडायचं आणि मुद्दल जसंच्या तसं पावतीवर दिसायचं.

त्या पावतीवर महागाई मात्र कुठेच दिसत नव्हती. समजा, 1996 मध्ये एका कामगाराने दहा लाख रुपये बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवले. वर्षाचं व्याज एक लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार. त्या काळात घर चालवायला ते पुरेसं होतं, म्हणून सगळंच खर्च व्हायचं. पण 1996-97 मध्ये औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई नऊ टक्क्यांच्या वर होती. दहा लाखांची खरेदीची ताकद टिकवायची तर व्याजातले नव्वदेक हजार मुद्दलात परत घालायला हवे होते. खरी कमाई उरलेल्या तीस हजारांची. बाकीचं व्याज म्हणजे मुद्दलाचाच हप्त्याहप्त्याने परत मिळणारा भाग होता आणि तो घरखर्चात जात होता.

पुढे 1998-99 मध्ये कांदा-भाज्या भडकल्या आणि हाच निर्देशांक वर्षभरात सरासरी तेरा टक्के वाढला. पाच वर्षांनी ठेव मुदतपूर्तीला आली तेव्हा पावतीवर दहा लाखच होते, पण 1996 च्या भावांनी त्यांची किंमत जेमतेम सात लाख उरली होती.

त्यानंतर दुसरा धक्का बसला. पूर्वी रिझर्व्ह बँक ठेवींचे दर ठरवून द्यायची. ऑक्टोबर 1997 पासून सर्व मुदत ठेवींचे दर ठरवायला बँका मोकळ्या झाल्या. 2003-04 पर्यंत दर साडेपाच टक्क्यांच्या जवळ आले. महिन्याचे दहा हजार साडेचार हजारांवर आले आणि ठेवीदार हवालदिल झाले. खरं तर तोवर महागाईही चार टक्क्यांच्या आसपास उतरली होती, म्हणजे खरी कमाई वाटते तितकी घटली नव्हती. बारा टक्क्यांच्या काळात मुद्दल खाल्लं जातंय हे कोणी त्यांना सांगितलं असतं, तर हा धक्का इतका जिव्हारी लागला नसता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ठेवीचा दर एकटा काहीच सांगत नाही, त्यातून महागाई वजा केल्यावर जे उरतं तेच सांगतं.

काही वर्षी ती वजाबाकी शून्याखाली जाते. 2020-21 मध्ये रेपो दर चार टक्के होता, मोठ्या बँका ठेवींवर पाच ते साडेपाच टक्के देत होत्या आणि किरकोळ महागाई सरासरी 6.2 टक्के होती. त्यात प्राप्तिकर पूर्ण व्याजावर लागतो, महागाईची वजावट मिळत नाही. 5.4 टक्क्यांनी ठेवलेल्या दहा लाखांवर 54 हजार व्याज. तीस टक्के कर आणि उपकर भरून हाती सुमारे 37 हजार. महागाई भरून काढायला 62 हजार हवे होते. एका वर्षात 25 हजारांची झीज, आणि पासबुकात मात्र वाढच दिसते.

मग एफडी कधी ठेवावी? ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे त्यासाठी. दोन वर्षांनी कॉलेजची फी किंवा ऐरोलीतल्या घराचा बिल्डरला द्यायचा शेवटचा हप्ता असेल, तर शेअर बाजारातल्या घसरणीपेक्षा टक्का-दोन टक्क्यांची झीज परवडते. सहा महिन्यांचा घरखर्चही इथेच असावा. आणि कर लागत नसेल तर हिशेबच बदलतो. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे निवृत्त आईवडिलांना साडेसहा टक्के पूर्ण मिळतात, तर वरच्या स्लॅबमधल्या मुलाला त्याच ठेवीतून साडेचार. महागाई रिझर्व्ह बँकेच्या चार टक्क्यांच्या लक्ष्याजवळ राहिली, तर आईवडिलांचं मुद्दल शाबूत राहून वर थोडं उरतं. मुलाचं कसंबसं टिकतं. त्याने निवृत्तीचे वीस वर्षांनंतरचे पैसे एफडीत ठेवू नयेत.

मोठी रक्कम असेल तर ती एकाच मुदतीत न अडकवता एक, दोन, तीन वर्षांच्या पावत्यांत वाटावी, म्हणजे दर बदलले तरी दरवर्षी काही भाग नव्या दराने ठेवता येतो. शिवाय ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंतच आहे. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पर्यंत फक्त एक लाख होती. अर्धा टक्का जास्त देणाऱ्या सहकारी बँकेत सगळी पुंजी ठेवण्याआधी हा आकडा पाहावा. पतपेढीतल्या ठेवीला तर हा विमाही नसतो.