थंडरबोल्टच्या सुरक्षा पातळ्या कुठून आल्या, आणि त्या डॉकलाच का नडतात

लॅपटॉपच्या बायोसमध्ये `Thunderbolt Security Level` अशी ओळ दिसते आणि तिच्यापुढे चार-पाच पर्याय असतात. बहुतेक जण तिथे हात लावत नाहीत. लावतात ते डॉक, म्हणजे एका केबलने स्क्रीन, कीबोर्ड आणि नेटवर्क लॅपटॉपला जोडणारी डबी, चालेना म्हणून, आणि तेव्हा सर्रास `No Security` निवडून मोकळे होतात. त्या ओळीमागे पंधरा-वीस वर्षांचा इतिहास आहे. तो कळला तर निवड बरीच सोपी होते.

साध्या यूएसबी उपकरणाला संगणकाच्या मेमरीत स्वतःहून शिरता येत नाही. त्याचा डेटा आत-बाहेर नेण्याचं काम संगणकाच्या बाजूचा कंट्रोलर करतो. पीसीआय एक्स्प्रेस या संगणकाच्या आतल्या वेगवान जोडणीवरच्या उपकरणाचं तसं नाही. ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड प्रोसेसरला मध्ये न घालता थेट मेमरी वाचतं आणि लिहितं. यालाच डीएमए म्हणतात. कार्ड पेटीच्या आत स्क्रूने बसवलेलं असायचं, तोवर याची कुणाला काळजी नव्हती. फायरवायर या जुन्या केबल-जोडणीने ही सोय पेटीबाहेरच्या पोर्टवर आणली. 2004 मध्ये माक्सिमिलियन डॉर्नझाइफ यांनी एका आयपॉडमधून, फायरवायरच्या केबलने, दुसऱ्या संगणकाची मेमरी वाचून दाखवली.

2011 मध्ये थंडरबोल्ट आलं. इंटेल आणि अ‍ॅपलने त्यात स्क्रीनचा सिग्नल आणि पीसीआय एक्स्प्रेस एकाच केबलमधून नेले. म्हणजे आतली कार्डाची खाच आता लॅपटॉपच्या कडेला उघडी झाली. सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये केबल जोडली की उपकरण लगेच आत, परवानगीचा प्रश्नच नाही. त्याचं टोक दिसलं 2014 च्या डिसेंबरमध्ये. ट्रॅमल हडसन यांनी थंडरबोल्टच्या इथरनेट अ‍ॅडॅप्टरमध्ये स्वतःचा कोड ठेवून मॅकबुकचं बूट फर्मवेअरच बदलून दाखवलं.

इंटेलने 2013 च्या फाल्कन रिज कंट्रोलरपासून सुरक्षा पातळ्या आणल्या. `none` म्हणजे जुनाच उघडा दरवाजा. `user` मध्ये नवीन उपकरण जोडलं की वापरणाऱ्याला विचारलं जातं, आणि त्या उपकरणाचा ओळख क्रमांक लक्षात ठेवला जातो. `secure` मध्ये याच्यावर आणखी एक पायरी आहे. पहिल्या भेटीत 32 बाइटची एक गुप्त किल्ली उपकरणात ठेवली जाते, आणि पुढच्या वेळी किल्ली आपल्याकडे असल्याचं उपकरणाला सिद्ध करावं लागतं. क्रमांक कॉपी केला तरी किल्ली हाती नसते. `dponly` मध्ये फक्त स्क्रीन चालते, पीसीआय एक्स्प्रेस पूर्ण बंद.

डॉकवाल्यांचं दुखणं सुरू झालं ते या शेवटच्या पातळीपासून. थंडरबोल्ट 3 च्या डॉकमध्ये यूएसबीचा कंट्रोलर डॉकच्या आतच असतो आणि तो लॅपटॉपला पीसीआय एक्स्प्रेसवरून जोडलेला असतो. त्यामुळे पीसीआय बंद केलं की डॉकला लावलेला साधा माऊससुद्धा मरतो. लक्षण मोठं फसवं असतं: लॅपटॉप चार्ज होतोय, दोन्ही स्क्रीन लागल्यात, पण कीबोर्ड आणि नेटवर्क गायब. वीज आणि स्क्रीन यांना पीसीआय लागत नाही, म्हणून त्या चालू राहतात. माणूस डॉक खराब म्हणून परत करतो, आणि बदलून आलेला डॉकही तसाच वागतो. पुढे टायटन रिज कंट्रोलरबरोबर `usbonly` ही पातळी आली. तिच्यात डॉकमधला यूएसबी कंट्रोलर आणि स्क्रीन एवढंच चालू राहतं, डॉकच्या पुढची पीसीआयची साखळी तोडलेली असते. ज्या डॉकमध्ये नेटवर्कची चिप यूएसबीवर बसवलेली आहे, त्याचं इथे काही अडत नाही. जिथे ती थेट पीसीआयवर आहे, तिथे इथरनेट जातं.

दुसरी गाठ बूट होण्याच्या वेळेची आहे, आणि ती मी स्वतः सोडवत बसलो होतो. लॅपटॉप जुना, थंडरबोल्ट 3 चा. त्यावर लिनक्स, पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली. झाकण बंद, सगळं डॉकवर. पातळी `user`, आणि बायोसमधली बूटपूर्व थंडरबोल्टची सोय मी बंद केलेली. सुरू केलं की स्क्रीनवर डिस्कचा पासवर्ड मागितला जाई आणि कीबोर्ड हूं की चूं करत नसे. दोन दिवस केबलवर संशय घेतला. कारण निघालं ते वेगळंच: डॉकला परवानगी देणारा प्रोग्राम आणि त्याची यादी होती त्याच कुलूपबंद डिस्कवर. कुलूप उघडेपर्यंत डॉकला आत घेणारं कुणीच नव्हतं. माझी स्थिती अशी दिसत होती:

```
$ cat /sys/bus/thunderbolt/devices/domain0/security
user
$ cat /sys/bus/thunderbolt/devices/domain0/iommu_dma_protection
0
```

बूटपूर्व सोय चालू केली की फर्मवेअर आपल्या छोट्या यादीतल्या उपकरणांना आधीच आत घेतं आणि कीबोर्ड चालतो. पण `user` पातळीवर ती यादी फक्त ओळख क्रमांक बघते. नेमक्या त्या वेळी, कार्यप्रणाली जागी व्हायच्या आधी, मेमरीवर पहारा सगळ्यात कमी असतो. मी कीबोर्ड लॅपटॉपच्या कडेच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावला आणि सोय बंदच ठेवली.

त्या दुसऱ्या आदेशाच्या उत्तरातला `0` या इतिहासाचा पुढचा भाग सांगतो. पातळ्या विचारतात, ‘हे उपकरण कोण?’ खरं विचारायला हवं होतं, ‘याला कुठल्या मेमरीला हात लावता येईल?’ हे काम प्रोसेसरमधलं आयओएमएमयू नावाचं एकक करतं. ते कित्येक वर्षं चिपमध्ये पडून होतं, पण बाहेरच्या पोर्टसाठी विंडोजने ते वापरलं 2018 च्या 1803 आवृत्तीपासून, `Kernel DMA Protection` या नावाने. 2019 मध्ये केंब्रिज आणि राइस विद्यापीठांतल्या संशोधकांनी थंडरक्लॅप या नावाने दाखवलं की आयओएमएमयू चालू असूनही ड्रायव्हर ढिले असतील तर फटी राहतात.

पातळ्यांना खरा धक्का बसला मे 2020 मध्ये. आइंडहोवन तंत्रविज्ञान विद्यापीठाचे ब्यॉर्न रूटेनबर्ग यांनी थंडरस्पाय मांडलं. निवडलेली पातळी थंडरबोल्ट कंट्रोलरच्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असते. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून त्या चिपला प्रोग्रामर नावाचं चिपवर लिहिणारं यंत्र लावलं की काही मिनिटांत `user` चं `none` करता येतं. बायोस उघडण्याची गरज नाही, त्याचा पासवर्डही लागत नाही. ओळख क्रमांक उचलून तोतया उपकरण बनवता येतं, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे `user` आणि `secure` ही कुलपं चांगली होती, पण ज्या कडीला ती लावली होती ती बाहेरून उघडत होती. त्याच वर्षी आलेल्या थंडरबोल्ट 4 मध्ये आयओएमएमयूचं संरक्षण सक्तीचं झालं. यूएसबी4 मध्ये यूएसबीचा डेटा पीसीआयचा आधार न घेता केबलमधून जाऊ शकतो. त्यामुळे अशा लॅपटॉपवर आणि डॉकवर पीसीआय बंद ठेवूनही कीबोर्ड चालतो.

म्हणून बायोसमध्ये आधी `Kernel DMA Protection` शोधावं. विंडोजवर `msinfo32` मध्ये ते `On` दिसायला हवं, लिनक्सवर वरच्या `iommu_dma_protection` फाइलमध्ये `1`. ते चालू असेल तर पातळीची ओळ बहुधा गौण ठरते, काही लॅपटॉपवर ती दिसेनाशीच होते. मात्र ज्या उपकरणाचा ड्रायव्हर या संरक्षणात बसत नाही, ते विंडोज लॉगिन होईपर्यंत किंवा स्क्रीनचं कुलूप निघेपर्यंत सुरू करत नाही. सकाळी डॉकवरचं एखादं उपकरण उशिरा जागं होत असेल, तर आधी हे तपासावं.

यूएसबी पोर्टसाठी अशा पातळ्या बायोसमध्ये का नाहीत, तेही यातून कळतं. तिथे धोका मेमरीचा नाही, वेगळाच आहे. 2014 मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी बॅडयूएसबी दाखवलं: पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदललं की ती स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेते आणि टाइप करू लागते. इथे आयओएमएमयूचा उपयोग नाही, कारण कीबोर्डला मेमरी लागतच नाही. बायोसच्या हातात उरतं एवढंच, की पोर्ट चालू किंवा बंद. ज्या पोर्टला डॉक लावलाय तो बंद केला, की त्याच्यामागचं सगळंच बंद.