मीसबाखची तार: वीज दूर नेताना दाब का वाढवावा लागला

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. दाब साधारण ११० व्होल्ट, तारा तांब्याच्या, आणि ग्राहक सगळे हाकेच्या अंतरावर. मैलभर पुढे जायचं म्हटलं की शेवटचे दिवे मंद पडत. त्यावर उपाय म्हणजे तार आणखी जाड घेणे, पण मग तांब्याचाच खर्च हाताबाहेर जाई.

त्याच महिन्यात म्युनिकमधल्या विद्युत प्रदर्शनात मार्सेल देप्रे या फ्रेंच माणसाने वेगळाच खेळ मांडला. ५७ किलोमीटरवरच्या मीसबाख गावात वाफेच्या इंजिनावर डायनामो फिरवायचा आणि ती वीज प्रदर्शनातल्या छोट्या कृत्रिम धबधब्याच्या पंपाला द्यायची. ओस्कार फोन मिलर या तरुण अभियंत्याने हे प्रदर्शन उभं केलं होतं. गंमत म्हणजे तार तारायंत्राचीच होती: साडेचार मिलिमीटर जाडीची, लोखंडी. जाऊन-येऊन ११४ किलोमीटर तारेचा रोध साधारण ९५० ओहम भरतो.

मीसबाखला दाब सुमारे १,३४० व्होल्ट होता, म्युनिकला पोचेपर्यंत ८५० उरला. वाटेत गेले ४९० व्होल्ट. हा आकडा तारेच्या रोधाने भागला की प्रवाह कळतो: जेमतेम अर्धा अँपिअर. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती, तेव्हा डायनामोने तारेत सोडले साधारण ७०० वॉट, त्यातले २५० तार तापवण्यात गेले. यंत्रांमधली घट निराळीच. सगळं धरून पंपाला मूळ शक्तीचा पाव हिस्साही धड मिळाला नाही. बऱ्याच जणांनी तेव्हा नाकं मुरडली. मला मात्र यात नवल वाटतं ते अशा किडमिडीत तारेतून काहीतरी पोचलं याचंच.

कारण याच तारेला एडिसनचे ११० व्होल्ट जोडले असते तर? अशा तारेतून पलीकडे जास्तीत जास्त वीज तेव्हा मिळते, जेव्हा निम्मा दाब तारेतच खर्च होतो. ५५ व्होल्टला ९५० ने भागा, आलेला प्रवाह उरलेल्या ५५ ने गुणा: तीन वॉटच्या थोडंसं वर. एक दिवाही लागला नसता.

आता उलट विचार करू. तेवढेच ७०० वॉट दुप्पट दाबाने पाठवले, तर प्रवाह निम्मा, म्हणजे पाव अँपिअर. तारेतली घट प्रवाहाच्या वर्गावर ठरते, म्हणून ती निम्मी न होता चौथ्या हिश्श्यावर येते: २५० च्या जागी ६० ते ६५ वॉट. तार तीच, अंतर तेच.

इथे विद्यार्थी हमखास अडतात. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, हेही सूत्र पुस्तकात असतं. मग दाब वाढला की घट वाढायला नको का? मीसबाखचे आकडे घालून पाहा. १,३४० चा वर्ग भागिले ९५० म्हणजे जवळजवळ १,९०० वॉट. सोडले होते ७००! चूक अशी की तारेच्या दोन टोकांमध्ये १,३४० व्होल्ट पडलेलेच नाहीत. तारेच्या वाट्याला आले ४९०. त्या सूत्रात तेवढेच घालायचे, आणि मग उत्तर बरोबर २५० च्या आसपास येतं.

दाब वाढवावा हे देप्रेला ठाऊक होतंच. अडचण दोन्ही टोकांना होती. एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज देणाऱ्या डायनामोत फिरत्या भागातून वीज बाहेर घेणारा जो कॉम्युटेटर असतो, त्यावर दाब वाढताच ठिणग्या उडू लागतात, आणि पलीकडे घरात दोन हजार व्होल्ट घ्यायचे कुणी? ही गाठ सोडवली दाब हवा तसा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी यांनी त्याला वापरण्याजोगं रूप दिलं. पण तो सतत दिशा बदलणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहावरच चालतो, म्हणून एडिसनच्या एकदिश विजेला त्याचा उपयोग नव्हता.

१८९१ मध्ये फोन मिलरने पुन्हा डाव मांडला. नेकार नदीकाठच्या लाउफेनपासून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर, चार मिलिमीटरच्या तीन तांब्याच्या तारा. मीसबाखपेक्षा अंतर तिप्पट, आणि तार उलट थोडी बारीकच. लाउफेनचं जनित्र शंभर व्होल्टांहूनही कमी दाबाचं होतं, प्रवाह हजाराहून अधिक अँपिअर. चार्ल्स ब्राउन आणि दोलिवो-दोब्रोवोल्स्की या अभियंत्यांच्या यंत्रणेत तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरने तो दाब १५,००० व्होल्टांवर चढवला. फ्रँकफुर्टला तो उतरवून हजारभर दिवे लागले आणि पुन्हा एक धबधबा वाहिला. या वेळी सुमारे पाऊण शक्ती पोचली.

नंतरच्या चाचण्यांत दाब २५,००० पर्यंत नेला. त्यापुढे अडथळा तारेच्या रोधाचा उरत नाही, तारेभोवतीच्या हवेचा आणि इन्सुलेटरचा येतो. दाब फार झाला की तारेलगतची हवाच वीज झिरपू देते; अंधारात निळसर झळाळी दिसते, चुर्र आवाज येतो. म्हणून तारा जाड आणि एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात, मनोरे उंच होतात. १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली, तेव्हा वाहिनीवरचा दाब एक लाख व्होल्टांच्या घरात होता.