उठल्यानंतरची गुंगी, स्नूझ आणि गजर

गजर वाजला, डोळे उघडले, पण डोकं अजून झोपेतच, हातातला फोन बंद कसा करायचा तेही पटकन सुचत नाही, या अवस्थेला झोपेची गुंगी म्हणतात. साधारण 15 ते 30 मिनिटांत ती उतरते, झोप अपुरी असेल तर तासभरही रेंगाळते. मेंदू सगळा एकदम जागा होत नाही हे त्यामागचं कारण, म्हणजे आपल्याला जागं ठेवणारे आतले भाग लगेच कामाला लागतात पण कपाळामागचा, विचार करून निर्णय घेणारा भाग मागे राहतो. गाढ झोपेतून उठवलं किंवा पहाटे तीन-चारला उठवलं तर गुंगी जास्त.

हे फक्त आळसाचं प्रकरण नाही. 22 मे 2010 ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं, 158 माणसं गेली. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त झोपले होते, सहवैमानिकाने उतरू नका, परत वर न्या असं सांगूनही त्यांनी उतरणं चालूच ठेवलं, आणि चौकशी अहवालात या गुंगीचा उल्लेख एक संभाव्य कारण म्हणून आहे.

आता स्नूझ. आयफोनवर तो वर्षानुवर्षं 9 मिनिटांचाच होता. सातला उठायचंय आणि गजर लावला साडेसहाचा, की मग 6:39, 6:48, 6:57 असा तो वाजत राहणार, म्हणजे शेवटचा अर्धा तास तुकड्यातुकड्यांत जातो. तरी स्नूझला सरसकट शिव्या घालणं बरोबर नाही असं माझं मत. स्टॉकहोम विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासात रोज स्नूझ करणाऱ्यांची अर्ध्या तासात झोप जेमतेम 6 मिनिटांनी कमी झाली आणि उठल्या उठल्या घेतलेल्या काही चाचण्यांत ते उलट थोडे सरसच ठरले, कारण हलक्या झोपेमुळे शेवटचा गजर गाढ झोपेत गाठत नाही. पण ही पुरेशी झोपलेली माणसं होती हां. रात्री एकला झोपून सहाला उठणारा माणूस त्या 9 मिनिटांतही परत खोल जाऊ शकतो, आणि गजर चार वेळा वाजूनही आठवतच नाही असं होत असेल तर झोप कमी पडतेय हे नक्की, तिथे गजर बदलून काही होणार नाही, रात्री लवकर आडवं व्हायला हवं.

गजराचा आवाज मात्र खरंच बदलून बघा. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने 2020 मध्ये लोकांना विचारलं तेव्हा सुरेल, गुणगुणता येईल अशी धून लावणाऱ्यांनी गुंगी कमी वाटते असं सांगितलं, कर्कश बीप-बीपवाल्यांनी जास्त (हे त्यांचं स्वतःचं सांगणं, मोजमाप नव्हे). दुसरा उपाय उजेडाचा, गजराच्या अर्धा तास आधीपासून हळूहळू वाढत जाणारा दिवा मिळतो, पूर्वेची खिडकी असेल तर रात्री पडदा थोडा उघडा ठेवला तरी चालतं, फक्त पहाटे पाचच्या शिफ्टवाल्यांना आणि गाढ झोपणाऱ्यांना नुसता उजेड पुरत नाही, त्यांनी आवाजाचा गजर सोबत ठेवावाच. आणि गाडी चालवायची असेल तर उठल्यावर अर्धा तास तरी जाऊ द्यावा, चहा-कॉफी लगेच घेतली तरी, कारण तिचा असर व्हायलाही वीसेक मिनिटं लागतात.