सिंहगडावरची डाळ आणि दुसरा पर्याय

माझी भाची यंदा सीबीएसईच्या दहावीला आहे. परवा तिने सराव पेपर तपासायला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, विधान-कारण सोडून सगळं बरोबर आहे." पाहिलं तर विधान आणि कारण दोन्ही खरी आहेत, हे तिने प्रत्येक ठिकाणी अचूक ओळखलं होतं. मार्क गेले होते ते त्यापुढच्या पायरीवर. पहिला पर्याय की दुसरा?

ज्यांचे पेपर होऊन बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. या प्रश्नात दोन वाक्यं देतात, एक विधान आणि एक कारण. पहिला पर्याय असतो: दोन्ही खरी, आणि कारण हे विधानाचं बरोबर स्पष्टीकरण आहे. दुसरा: दोन्ही खरी, पण कारण हे स्पष्टीकरण नाही. तिसरा: विधान खरं, कारण खोटं. चौथा: विधान खोटं, कारण खरं. प्रश्न एका मार्काचा, पण त्यात तीन निर्णय घ्यावे लागतात.

तिसरा आणि चौथा पर्याय फारसा त्रास देत नाहीत, एकच सवय हवी. एक वाक्य वाचताना दुसरं हाताने झाकायचं. 'चांदीचे पैंजण वापरून काळे पडतात' हे विधान आहे आणि 'चांदीचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सिल्व्हर ऑक्साइड तयार होतो' हे कारण. दोन्ही एका दमात वाचली की कारण पटून जातं, कारण पैंजण काळे झालेले आपण पाहिलेले असतात आणि लोखंडाचा गंजही डोक्यात असतो. कारण एकटं वाचलं तर मात्र आठवतं की तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तयार होतो. म्हणजे कारण खोटं, उत्तर तिसरा पर्याय.

खरी मेख पहिल्या दोन पर्यायांत आहे. तिथेही सोपे प्रश्न असतात. 'सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात' आणि 'सोडियम इतका मऊ असतो की सुरीने कापता येतो', ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण मऊपणाचा रॉकेलशी संबंध नाही हे कुणालाही दिसतं. अशा जोड्यांना मी कोरड्या जोड्या म्हणते. फसवतात त्या चिकट जोड्या, जिथे दोन वाक्यं एकमेकांना लागून असल्यासारखी भासतात. भाचीसाठी मी तशी एक जोडी तयार केली.

विधान: सिंहगडावर उघड्या पातेल्यात उकळत्या पाण्यातली तूरडाळ शिजायला पुण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.
कारण: समुद्रसपाटीपासून जसजसं वर जावं, तसतसं हवेचं तापमान साधारणपणे कमी होत जातं.

तिने लगेच पहिला पर्याय लिहिला. शाळेत शिकवलेली युक्ती तिने वापरली होती: मध्ये 'कारण' हा शब्द घालून वाचायचं. 'गडावर डाळ उशिरा शिजते, कारण तिथली हवा थंड असते.' वाक्य कसं गुळगुळीत झालं! हीच त्या युक्तीची अडचण आहे. वाक्य कानाला बरं लागतं की नाही, एवढंच ती सांगते. निसर्गात तसं घडतं का, हे नाही.

त्याऐवजी मी दुसरी कसोटी देते. कारणात सांगितलेली गोष्ट मनातल्या मनात काढून टाका, बाकी सगळं तसंच ठेवा आणि विधान टिकतं का पाहा. विधान तसंच उभं राहिलं, तर त्या कारणाचा त्याला टेकू नव्हता.

इथे कल्पनाही फार ताणावी लागत नाही, पुण्याची हवाच प्रयोग करून दाखवते. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी गडावरची हवा त्याहून कितीतरी गरम असते. थंड हवा हेच खरं कारण असतं, तर डाळ पुण्यात जानेवारीच्या पहाटे उशिरा आणि गडावर मेच्या दुपारी लवकर शिजायला हवी. तसं होत नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पहाटे असो की दुपारी. सिंहगडाचा माथा सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या जरा खालीच उकळतं, हिवाळा असो की उन्हाळा.

उंचीवर हवेचा दाब कमी असतो, आणि बाष्पाचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की पाणी उकळू लागतं. दाब कमी, तर हे कमी तापमानालाच घडतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश असा ढोबळ हिशेब आहे. पाणी एकदा उकळू लागलं की उघड्या पातेल्यात कितीही आच वाढवा, ते त्याहून गरम होत नाही, फक्त वाफ जास्त होते. डाळीला मिळणारं तापमान दोन-अडीच अंशांनी कमी पडतं, म्हणून ती रेंगाळते.

कमी दाबाला हीच कसोटी लावा. दाब वाढवला तर विधान टिकतं का? डाळ कुकरमध्ये घाला. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरण जास्त होतो, पाणी १२० अंशांजवळ पोचतं आणि गडावरच्या गार वाऱ्यातही डाळ पटकन शिजते. टेकू काढला आणि विधान पडलं, म्हणजे टेकू दाबाचाच होता. कारणाच्या जागी 'उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो' असं असतं, तर पहिला पर्याय बरोबर ठरला असता. माझ्या जोडीत उत्तर दुसरा पर्याय.

भाची सहजी ऐकणारी नाही. "पण मावशी, थंड हवेत पाणी तापायलाच उशीर लागतो ना?" मुद्दा रास्त होता. पाणी उकळेपर्यंतचा वेळ गार वाऱ्याने वाढतोच. म्हणून तर मी विधानात 'उकळत्या पाण्यातली' हा शब्द घातला होता, आणि तो तिने वाचलाच नव्हता. तो नसता तर तिचं उत्तर पूर्ण चूक म्हणणं मलाही जड गेलं असतं.

ही कसोटी सगळीकडे चालते असं मात्र नाही. 'उगवता सूर्य लालसर दिसतो' याला 'तेव्हा प्रकाश वातावरणाच्या जास्त लांब वाटेने येतो' हे कारण दिलं, तर कसोटी छान लागते. दुपारी ती वाट आखूड होते आणि लाली जाते. पण कारण म्हणून 'लाल प्रकाशाची तरंगलांबी निळ्यापेक्षा जास्त असते' एवढंच दिलं तर? हा गुणधर्म काढून टाकता येत नाही, तो भर दुपारीही तितकाच खरा असतो. निळा प्रकाश जास्त विखुरतो, लाल कमी, म्हणून लाल शिल्लक उरतो, ही मधली कडी त्यात नाही, आणि लाली सकाळीच का दिसते हेही त्यातून कळत नाही. मी इथे दुसरा पर्याय लिहीन. आमच्या स्टाफरूममधल्या एका बाई पहिला लिहितील, आणि त्यांनाही मी खोडून काढू शकणार नाही, कारण दोष प्रश्नाच्या अर्धवट वाक्यात आहे.

राहता राहिली दोन्ही वाक्यं खोटी असण्याची गोष्ट. दहावीच्या या चार पर्यायांत तशी सोयच नाही, तेव्हा तुमचा निष्कर्ष तसा निघाला तर एखादा 'फक्त' किंवा 'नेहमी' नजरेतून सुटला का ते परत पाहावं. दुसऱ्या काही परीक्षांत चौथा पर्याय 'दोन्ही खोटी' असाच असतो. पर्यायांचा क्रम पाठ करून जाणारी मुलं तिथे सगळं समजून-उमजून चुकीचं अक्षर लिहून येतात.

भाचीने डाळीचं उत्तर खोडून दुसरा पर्याय लिहिला. मग विचारलं, "गडावर मग कुकरच्या शिट्ट्या जास्त कराव्या लागतील का?" शिटीचं वजन बाहेरच्या दाबात आपली ठरावीक भर घालतं, आणि बाहेरचा दाबच तिथे कमी असतो. म्हणजे कुकरच्या आतलं तापमानही थोडं उतरणार. किती, ते येत्या रविवारी गडावर जाऊन पाहायचं ठरलं आहे. कुकर तिने उचलायचा, तूरडाळ माझी.