एम.ए. एज्युकेशनचा एसओपी: अनुभवी शिक्षकांचे अर्ज कुठे अडकतात

एम.एड.चा प्रवेश आपल्याकडे सीईटीवर होतो, तिथे एसओपी, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारं निवेदन, लागत नाही. एम.ए. एज्युकेशनला मात्र काही विद्यापीठांत तो मागतात. पदवी कोणत्याही शाखेची चालते. पण नुसतं डी.एड. असेल तर आधी पदवी पूर्ण करावी लागते. गुणपत्रिका, फोटो, शुल्क हे सगळं अर्ध्या तासात होतं. अडकतं ते अनुभवाच्या दाखल्यात आणि एसओपीत.

आधी दाखला. जिल्हा परिषदेचे शिक्षक एसओपीत सरळ ‘९ वर्षे अध्यापन’ लिहितात. कार्यालय मात्र दाखल्यावर कधी कधी नियमित नेमणुकीची तारीख टाकतं. मग नियमित होण्याआधीची शिक्षणसेवकाची ३ वर्षं गळतात, दाखल्यावर ६ उरतात आणि अर्जदार खोटा ठरतो. वर्गात ९ वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला हे सोसावं लागू नये. म्हणून दाखल्यावर दोन्ही तारखा लिहून मागा. नाहीच दिल्या तर शिक्षणसेवक नेमणुकीचा आदेश जोडा आणि एसओपीतही ‘३ वर्षे शिक्षणसेवक, पुढे ६ वर्षे नियमित’ असंच लिहा. नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्जही दाखला मागाल त्याच दिवशी द्या. तो केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईपर्यंत मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे.

आता एसओपी. माझ्याकडे वाचायला येणारे बहुतेक मसुदे ‘लहानपणापासून शिक्षक व्हायचं होतं’ इथे सुरू होतात आणि पुरस्कार, प्रशिक्षणं, उपक्रम यांच्या यादीवर संपतात. अनुभव किती आहे हे दाखला सांगतोच. त्या अनुभवातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला, हे एसओपीतून कळायला हवं.

एका बाईंचा मसुदा असाच होता, उपक्रमांनी भरलेला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “तिसरीतली मुलं ५२ वजा २८ चं उत्तर ३६ लिहितात.” एककात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून मुलं उलटं ८ मधून २ वजा करतात. बाईंनी काड्यांचे गठ्ठे दिले. गठ्ठा सोडून मुलांनी बरोबर २४ काड्या उरवल्या, आणि वहीत पुन्हा ३६ लिहिले. हाताला जमलेलं वहीत का उतरत नाही, हे बाईंना दोन वर्षं सुटलं नव्हतं.

मी म्हटलं, “बाई, हेच लिहा.” नवा एसओपी त्या वजाबाकीनेच सुरू झाला. काय करून पाहिलं आणि कुठे हरले, हे त्यांनी दोन परिच्छेदांत मांडलं. अपयश लिहायला त्या कचरत होत्या, पण त्याशिवाय पुढे शिकायची गरज का पडली हे वाचणाऱ्याला समजत नाही. शेवटी त्यांनी अभ्यासक्रमपत्रिका उघडून गणित अध्यापनाचा पेपर आणि क्षेत्रकार्य नावानिशी लिहिलं, आणि त्यांतून या प्रश्नाचा कोणता भाग शोधायचा तेही. ‘आपले नामांकित विद्यापीठ’ हे शब्द खोडले.

शब्दमर्यादा पाळा. ऑनलाइन चौकट जास्तीचा मजकूर घेत नाही, आणि छाटला जातो तो नेमका हा शेवटचा भाग.