करंट योग्य असूनही मोटर तापणे

थ्री-फेज इंडक्शन मोटरचा करंट नेमप्लेटवरील आकड्याइतका किंवा त्याहून कमी असतानाही वाइंडिंगचे तापमान मर्यादेबाहेर जाण्याची स्थिती. वाइंडिंगचे तापमान दोन गोष्टींवर ठरते: आत किती उष्णता तयार होते आणि ती किती वेगाने बाहेर जाते. क्लॅम्प मीटर यातल्या पहिल्या गोष्टीचाही काही भागच दाखवतो. तांब्यातील नुकसान करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, पण लोखंडी गाभ्यातील नुकसान मुख्यतः व्होल्टेज व फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असते. थंडावा तर मीटरला मुळीच दिसत नाही. म्हणूनच केवळ करंट मोजणारा ओव्हरलोड रिले अशा वेळी गप्प राहतो.

सर्वाधिक आढळणारे कारण हवेचे आहे. बंद बॉडीच्या मोटरीत मागचा पंखा बॉडीवरील पट्ट्यांमधून हवा ढकलतो. पट्ट्यांत तेलकट धूळ बसली, जाळी चोंदली किंवा मोटर भिंतीला खेटून बसवली, की करंट तोच राहूनही तापमान चढते. फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीवर हळू चालणाऱ्या मोटरीत हेच स्वच्छ असूनही घडते. पंखा शाफ्टवरच असल्याने २५ हर्ट्झला हवा साधारण निम्मी होते. कन्व्हेयरसारख्या भाराला मात्र टॉर्क तेवढाच लागतो, त्यामुळे करंट फारसा उतरत नाही. अशा ठिकाणी स्वतंत्र मोटरवर चालणारा पंखा बसवणे हाच खरा इलाज. नेमप्लेटवरील क्षमताही सहसा ४० अंश सेल्सिअस भोवतालचे तापमान व १००० मीटर उंची इथपर्यंतच धरलेली असते.

व्होल्टेज असंतुलन अधिक फसवे असते. समजा, २८ अँपिअरच्या मोटरीच्या टर्मिनलवर, भार चालू असताना, फेजांमधील व्होल्टेज ४२२, ४१० व ३९८ मिळाले. सरासरी ४१०, सर्वाधिक फरक १२, म्हणजे असंतुलन सुमारे २.९ टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण करंटमधील असंतुलन याच्या साधारण सहा ते दहा पट असते, त्यामुळे तीन तारांत २६, ३१ व २२ अँपिअर दिसू शकतात. क्लॅम्प पहिल्या तारेवर लावणारा ‘करंट ठीक आहे’ असेच सांगेल, आणि सरासरीही २८च्या आतच भरेल. म्हणून तिन्ही तारा मोजल्याशिवाय करंट योग्य आहे असे म्हणू नये.

असंतुलित व्होल्टेजमुळे उलट दिशेने फिरणारे एक दुर्बळ चुंबकीय क्षेत्र तयार होते. रोटरला ते जवळजवळ दुप्पट फ्रिक्वेन्सीचे भासते. रोटरच्या दांड्यांत त्यामुळे सुमारे १०० हर्ट्झचे प्रवाह वाहतात आणि रोटर तापतो, जिथे क्लॅम्प पोहोचतच नाही. तापमानवाढीचा ढोबळ नियम असा: असंतुलनाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करावा. इथे ती वाढ सुमारे १७ टक्के येते, म्हणजे ८० अंशांची तापमानवाढ ९४च्या आसपास जाते.

दोष कुठे आहे हे पाहण्यासाठी पुरवठा बंद करून तिन्ही तारा एकेक जागा पुढे सरकवाव्यात. तिन्ही सरकल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट पुरवठ्याच्या त्याच तारेत राहिला तर दोष पुरवठ्यात: ढिला जोड, झिजलेला कॉन्टॅक्टर किंवा एका फेजवर जास्त टाकलेला सिंगल-फेज भार. तो मोटरीच्या टोकाबरोबर सरकला तर वाइंडिंग तपासावे.

हार्मोनिकांचा, म्हणजे पुरवठ्यात मिसळलेल्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतील लहरींचा, परिणाम याच जातीचा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यातील पाचवा हार्मोनिक २५० हर्ट्झचा असतो आणि त्याचे क्षेत्रही उलट फिरते. उपयोगी टॉर्क न देता ते रोटर व गाभा तापवते. शिवाय साधा मीटर विकृत लहरीचा करंट बहुधा कमी दाखवतो, त्यामुळे ट्रू आरएमएस मीटर हवा. एकाच ट्रान्सफॉर्मरवर अनेक व्हीएफडी असतील तर हा संशय आधी घ्यावा.

मोटर खरोखर किती तापली हे बॉडीला हात लावून ठरत नाही. निरोगी मोटरीलाही हात ठेववत नाही. खात्रीची पद्धत रेझिस्टन्सची. थंड वाइंडिंग ३० अंशांना ०.५०० ओहम आणि मोटर थांबवताच ०.६९० ओहम मिळाले, तर गुणोत्तर १.३८. तांब्यासाठी थंड तापमानात २३४.५ मिळवून (२६४.५) १.३८ने गुणावे आणि पुन्हा २३४.५ वजा करावे: सुमारे १३०.५ अंश. भोवताल ३६ असेल तर वाढ ९४.५ अंश. ही वाढ एफ वर्गाच्या इन्सुलेशनला चालते (मर्यादा १०५), बी वर्गाला नाही (मर्यादा ८०). मोजमाप थांबल्यावर लगेच घ्यावे, कारण उशीर झाल्यास आकडा खाली घसरतो.

अशा बिघाडापासून संरक्षण हवे असेल तर वाइंडिंगमध्येच पीटीसी थर्मिस्टर बसवतात. तो करंट न पाहता थेट तापमानावर काम करतो. तरी तो स्टेटरमध्ये असतो, त्यामुळे असंतुलनाने तापलेला रोटर त्यालाही उशिरा कळतो. तिथे फेज-असंतुलन रिलेही जोडावा लागतो.